सोसायटीत ड्रिल, पाळणा, पातेली भाड्याने द्यायची तर

प्रश्न: आमची पिंपळे सौदागरला दोनशे फ्लॅटची सोसायटी आहे. माझ्याकडे ड्रिल मशीन, शिडी, मुलाचं स्ट्रोलर, घडीचा पाळणा, वाढदिवसासाठी घेतलेली मोठी पातेली आणि फोल्डिंग टेबलं नुसती पडून आहेत. सोसायटीतल्याच लोकांना भाड्याने द्यावी म्हणतोय. भाडं किती ठेवू, डिपॉझिट घेऊ का, आणि वस्तू बिघडली तर भरपाई कोणी करायची?

उत्तर:

तिसरा प्रश्न आधी घेते, कारण भाडं आणि डिपॉझिट दोन्ही त्यावरून ठरतं. माझं माहेर हार्डवेअरच्या दुकानाचं. मशिनं भाड्याने देणं आणि परत आलेली मशिनं उघडून बघणं हे लहानपणापासून बघत आले. आता आमच्या सोसायटीत हेच छोट्या प्रमाणावर मी चालवते.

शेजाऱ्याला वस्तू नुसती वापरायला दिली आणि पैसे घेऊन दिली, यात कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. 1872 चा भारतीय करार कायदा इथे लागू होतो. त्यातलं 150 वं कलम सांगतं की वस्तू फुकट दिली असेल तर तुम्हाला माहीत असलेला दोष घेणाऱ्याला सांगणं एवढीच तुमची जबाबदारी. भाड्याने दिली असेल तर मात्र तो दोष तुम्हाला माहीत होता की नव्हता याला अर्थ उरत नाही, त्या दोषामुळे घेणाऱ्याचं नुकसान झालं तर ते तुमच्यावर येतं. म्हणजे दीडशे रुपये घेतले की 'अहो, मला कुठे ठाऊक होतं' हे वाक्य तुमच्या हातातून गेलं.

घेणाऱ्याची बाजूही तिथेच लिहिलेली आहे. साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जेवढी जपतो तेवढी त्याने ती जपायची. तेवढी जपूनही ती बिघडली, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो भरपाई देणं लागत नाही. पण ठरलेल्या कामापेक्षा वेगळ्या कामाला वापरली, तर होईल ते नुकसान त्याचं. आणि त्याच्या चुकीने वस्तू वेळेत परत आली नाही, तर त्यानंतर तिचं जे होईल तेही त्याचंच. या प्रकरणांसाठी कोणी कोर्टात जात नाही, मला माहीत आहे. पण लिफ्टमध्ये वाद होतो तेव्हा न्यायाची वाटणी साधारण अशीच असते, आणि ती आधी डोक्यात असली की बोलणं सोपं जातं.

यातून माझा एकच नियम निघतो. जिचा दोष तुम्हाला दोन-तीन मिनिटांत, घेणाऱ्याच्या समोर, हाताने तपासता येतो तीच वस्तू भाड्याने द्यायची. जिचा दोष आत दडलेला असू शकतो ती नाही, मग मागणी कितीही असो. आता तुमच्या वस्तू या नियमाने बघू.

ड्रिलपासून सुरुवात करते. सगळ्यात जास्त मागणी त्यालाच येईल, आणि सगळ्यात जास्त भानगडीही.

पहिली गोष्ट मशीनची नाही, तुमच्या भिंतींची आहे. बिल्डिंग जुनी असेल तर भिंती विटांच्या, मधल्या काळातली असेल तर बहुधा सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या, आणि गेल्या काही वर्षांतल्या उंच टॉवरमध्ये अनेकदा ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, सबंध काँक्रीटच्या. त्यालाच साइटवर मिवान म्हणतात. घरोघरी असतं ते साधं इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे किल्लीने चक आवळायचा आणि वरची खिटी हातोडीच्या चित्रावर न्यायची. विटेत ते छान चालतं. ब्लॉकमध्ये तर हातोडी बंदच ठेवायची, नाहीतर भोक मोठं होतं आणि प्लग गोल गोल फिरत राहतो. मिवानच्या भिंतीत मात्र हे मशीन रडतं. माणूस अंगाचा सगळा भार टाकून दाबतो, मोटर मंदावते, बिट नुसतं घासून निळं पडतं, आणि पंधरा मिनिटांत मशीनमधून जळका वास यायला लागतो. अशा बिल्डिंगमध्ये रोटरी हॅमरच हवा. त्याच्या आत पिस्टन असतो, ठोका तो देतो, हाताने नुसता आधार द्यायचा. बिटही वेगळं, एसडीएस प्लस नावाचं, मागच्या दांड्याला खाचा असलेलं.

म्हणून तुमची बिल्डिंग मिवानची असेल आणि तुमच्याकडे साधं ड्रिल असेल, तर ते भाड्याने देऊ नका. घेणारा कितीही सज्जन असला तरी ते जळणार, आणि ते जळण्यात त्याची चूक नसणार.

समजा रोटरी हॅमर आहे. द्यायच्या आधी काय बघायचं? कार्बन ब्रश. ते मोटरच्या मागच्या बाजूला दोन बाजूंना बसवलेले, पेन्सिलीच्या शिसासारखे काळे तुकडे असतात आणि वापराने झिजतात. बहुतेक मशीनवर झिजण्याची खूण असते. ती नसेल तर पाच-सहा मिलिमीटर उरले की बदलावे. जोडी स्वस्त मिळते, त्यामुळे कंजुषी करण्यात अर्थ नाही. मग वायर, विशेषतः जिथे ती मशीनमध्ये शिरते ती जागा, कारण लोक मशीन वायरला धरून उचलतात. मग बिटचं टोक. कार्बाइडच्या चकतीचे कोपरे धारदार हवेत. ते गोल झाले असले की माणूस जोर लावतो आणि मार मोटरला बसतो.

हे सगळं आदल्या दिवशी. देताना मात्र एकच गोष्ट करायची: प्लग लावून, बिट न लावता, मशीन दहा सेकंद चालवायचं आणि त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, आवाजासकट. परत घेतानाही तेच. मागच्या फटींतून बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं. मोटरभोवती ठिणग्यांचं पिवळं कडं दिसलं, आवाज खरखरीत झाला किंवा वार्निश जळाल्यासारखा वास आला तर काहीतरी झालंय.

आता एक प्रसंग सांगते. आमच्याकडे नवीन भाडेकरू राहायला आले. टीव्हीचं स्टँड आणि दोन खोल्यांचे पडदे लावायला त्यांनी मशीन नेलं. परत आलं तेव्हा पिवळं कडं आणि वास, दोन्ही. भाऊ म्हणाले, 'ताई, मशीन आधीपासूनच गरम होत होतं.' मी त्यांच्यासमोरच मागचं झाकण उघडलं. ब्रश चांगले होते, अर्ध्याहून जास्त शिल्लक. पण मोटरच्या आत फिरणाऱ्या भागाची, म्हणजे आर्मेचरची, तांब्याची गुंडाळी काळपट पडली होती, आणि ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर जळाल्याचे डाग होते. ब्रश संपलेले असते तर दोष माझा, मी न बदलता दिले म्हणून. गुंडाळी काळी पडते ती मशीन अडकून राहिलं आणि तरी बटण दाबून धरलं तर. विचारल्यावर कळलं की एका भोकात बिट सळईला लागलं होतं. ते तिथेच रेटत बसले होते. देतानाच्या व्हिडिओत आवाज स्वच्छ होता, तो ऐकवला. त्यांनी काही न बोलता आर्मेचरचे पैसे दिले, आणि दुरुस्तीची मजुरी मी घातली, कारण सळई लागली तर काय करायचं हे आमच्या कागदावर तोवर नीट लिहिलेलं नव्हतं.

तो कागद आता मशीनच्या पेटीत झाकणाला आतून चिकटवलेला आहे. त्यावर मोजकंच लिहिलंय. टाइलवर आधी हातोडी बंद ठेवून फिरवायचं, टाइल पार झाली की मग हातोडी. पांढरी पूड यायची थांबली आणि धातूचा आवाज आला तर सळई आहे, भोक दोन-तीन सेंटिमीटर सरकवायचं. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडायचं नाही, तिथून वायर जाते. बाथरूम आणि किचनच्या नळाच्या भिंतीला आधी प्लंबिंगचा नकाशा किंवा प्लंबर. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. आणि खाली पेटीतल्या वस्तूंची यादी: मशीन, बाजूचं हँडल, भोकाची खोली मोजायची पट्टी, सहा आणि आठ नंबरची बिटं. सगळ्यात जास्त हरवते ती खोली मोजायची पट्टी. साधं ड्रिल असेल तर चकची किल्ली. किल्ली वायरलाच बांधून टाका.

सोसायटीचे ड्रिलिंगचे तासही याच कागदावर. बहुतेक ठिकाणी दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते. त्यामुळे 'दिवसाचं भाडं' ही गोष्ट कागदावरच राहते. मी सकाळचा आणि संध्याकाळचा असे दोन भाग केले. दोन-चार भोकांचं काम तासाभरात होतं, पण दिवसभरासाठी दिलं की मशीन दुसऱ्या दिवशी रात्रीच परत येतं.

आता भाडं. वस्तूच्या किमतीचा अमुक टक्का वगैरे हिशोब सोडून द्या. घेणारा तुमच्या मशीनच्या किमतीशी तुलना करत नाही, तो कारागिराला बोलावलं तर किती लागतील याच्याशी करतो. तुमच्या भागात सुतार किंवा इलेक्ट्रिशियन पाच-सहा भोकांचे किती घेतो ते विचारा आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबा. त्याहून जास्त लावलं तर लोक कारागिरालाच बोलावतील, आणि खरं सांगायचं तर ज्याला जमत नाही त्याने त्यालाच बोलवावं.

समजा हे निम्मं दोनशे रुपये निघालं. मशीन, पेटी आणि बिटं मिळून तुमचे 6,600 रुपये गेलेत असं धरू. दर वेळी बिटाची झीज, ब्रश, ग्रीस, पुसणं-तपासणं याचे चाळीस रुपये बाजूला काढा. उरले 160. म्हणजे पैसे सुटायला बेचाळीस वेळा मशीन बाहेर जायला हवं. नुकतंच पझेशन मिळालेल्या सोसायटीत हे वर्षभरात होऊ शकतं, कारण पहिल्या वर्षी प्रत्येक घरात पडदे, गीझर, फ्रेम, देव्हारा. दहा वर्षं जुन्या सोसायटीत भाडेकरू बदलतात तेवढीच मागणी, तिथे चार-पाच वर्षं लागतील. म्हणून ज्यांच्याकडे मशीन आधीच आहे त्यांनी जरूर द्यावं, पण भाड्याच्या आशेने नवीन मशीन विकत घेऊ नये.

डिपॉझिट घ्याच, पण पूर्ण किमतीचं नको. शेजाऱ्याकडे सहा हजार मागितले की तो हसून 'बघतो' म्हणतो आणि परत येत नाही. नेहमी होणारा बिघाड किती रुपयांचा असतो तेवढं डिपॉझिट पुरतं. ड्रिलला ते हजार-बाराशे, म्हणजे आर्मेचरची किंवा हरवलेल्या हँडल-बिटांची सोय. सगळं मशीनच गायब होण्याची भीती सोसायटीत तितकी नसते, कारण त्यांचा फ्लॅट नंबर तुम्हाला माहीत असतो. भाडेकरू असतील तर मी घरमालकांनाही मेसेज टाकते, राग न येईल अशा शब्दांत. डिपॉझिट यूपीआयने घ्या आणि तपासणी झाल्या झाल्या, त्यांच्या समोरच परत करा. 'उद्या टाकते' म्हणालात की तुमच्यावरचा विश्वास तिथेच कमी झाला.

करारपत्र, स्टॅम्प वगैरे काही लागत नाही. एक व्हॉट्सॲप मेसेज पुरतो, फक्त समोरच्याकडून त्याला 'मान्य' असं उत्तर यायला हवं. मी पाठवते तो असा:

'रोटरी हॅमर, पेटीत यादीप्रमाणे सर्व वस्तू. शनिवार सकाळी 10 ते 1. भाडं 200, डिपॉझिट 1,000. तुमच्याच फ्लॅटमधल्या कामासाठी, सोसायटीबाहेर न्यायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. देताना चालवून दाखवलं, व्हिडिओ सोबत. झिजून बिघडलं तर खर्च माझा. अडकून जळालं, पडलं किंवा हरवलं तर तुमचा. पाइप किंवा वायर फुटली तर जबाबदारी तुमची. उशीर झाल्यास पुढच्या वेळेचं भाडं लागेल. मान्य असेल तर कळवा.'

यातलं 'दुसऱ्याला द्यायचं नाही' हे वाक्य गाळू नका. सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच असते. मशीन बी विंगमध्ये दिलेलं असतं आणि मागायला गेलं की कळतं ते मेहुण्याकडे हिंजवडीला गेलंय. मेसेजमध्ये लिहिलेलं असलं की ठरल्यापेक्षा वेगळा वापर झाला हे सिद्ध करायला वेगळं काही लागत नाही.

आता मुलांच्या वस्तू. इथे मागणी कोणाकडून येते ते आधी समजून घ्या. नवीन आईबाबांकडून कमीच येते, ते सगळं नवं घेतात किंवा बहिणीकडून आणतात. खरे गिऱ्हाईक म्हणजे आजी-आजोबा. मुलगी-जावई अमेरिकेहून किंवा बंगळुरूहून वर्षा-दीड वर्षाच्या नातवंडाला घेऊन तीन आठवड्यांसाठी येतात, मे महिन्यात किंवा डिसेंबर-जानेवारीत. त्यांना पाळणा, स्ट्रोलर, जेवणाची उंच खुर्ची हवी असते आणि नंतर ती ठेवायला घरात जागा नसते. म्हणून या वस्तूंचं भाडं दिवसावर लावू नका. आठवड्याचं आणि महिन्याचं लावा, आणि दोन गिऱ्हाइकांमध्ये धुण्या-वाळवण्यासाठी दोन दिवस रिकामे ठेवा.

तुमचा घडीचा पाळणा म्हणजे जाळीच्या भिंतींचा, उघडून उभा करायचा असेल, तर तो उभा करण्याचा एक क्रम असतो. आधी वरच्या चारही कडा ओढून 'टक' आवाज येईपर्यंत ताठ करायच्या, तेव्हा तळाचा मधला भाग वर उचललेला असायला हवा. कडा बसल्या की मग तो मधला भाग खाली दाबायचा. आजोबा उत्साहाने आधी तळ दाबतात, मग कडा बसल्यासारख्या दिसतात पण कुलूप लागलेलं नसतं, आणि बाळ उभं राहून कडेवर रेललं की ती कडा आत कोसळते. म्हणून हा पाळणा घडी करून दारात देऊन येऊ नका. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याकडून एकदा उभा करून घ्या आणि प्रत्येक कडेच्या मध्यावर हाताने जोरात दाबून दाखवा. हीच तुमची तपासणी आणि हाच पुरावा.

दुसरं, गादी. पाळण्याबरोबर आली असेल तीच पातळ, कडक गादी द्या. आजीला ती टोचेल असं वाटतं आणि ती वर मऊ दुलई घालते. तान्ह्या बाळाचं तोंड मऊ गादीत रुतू शकतं, आणि गादी व कड यांत फट राहिली तर त्यात डोकं अडकू शकतं. गादी आणि कडेमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. हे तोंडी सांगितलं तर आजीला शिकवल्यासारखं वाटतं, म्हणून पाळण्याच्या पिशवीवरच लिहिलेलं बरं. मूल कडेवर पाय टाकून चढायला लागलं की पाळणा बंद, मग वय काहीही असो.

स्ट्रोलरची तपासणी सोपी. उघडल्यावर दोन्ही कुलपं बसली का, पट्ट्याचं बकल हाताने ओढून सुटत नाही ना, आणि ब्रेक. ब्रेक बेसमेंटच्या उतारावर, आत दोन-चार किलोची तांदळाची पिशवी ठेवून बघा. चाकं जड फिरत असतील तर धुरीत केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, कात्रीने काढा.

साठवणीबद्दल एक गोष्ट मात्र कानात प्राण आणून ऐका. मुलांच्या कापडी वस्तू, पाळण्याची गादी, स्ट्रोलरचं कापड, यांत डांबरगोळ्या घालू नका. आपल्याकडे कपाटात त्या सर्रास टाकतात. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पी-डी नावाच्या घटकाची कमतरता असते, आणि त्यांना डांबरगोळ्यांमधल्या नॅप्थलीनच्या संपर्काने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कोणत्या घरातल्या बाळाला ती आहे हे तुम्हाला कळणार नाही. अनेकदा त्याच्या आईबापालाही ठाऊक नसतं. धुऊन, कडक उन्हात वाळवून, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की पुरे. कोणी जुनी, त्या वासाची गादी तुमच्याकडे भाड्याने ठेवायला दिली तर सरळ नाही म्हणा.

तुम्ही विचारलं नाहीये, पण हे सुरू झालं की लोक त्यांच्या वस्तू आणून देतात, म्हणून तीन गोष्टींना आत्ताच नाही म्हणून ठेवा. वॉकर, म्हणजे बाळाला मध्ये बसवून चाकांवर पळवायचा तो. त्यात मूल क्षणात पायऱ्यांपर्यंत किंवा गॅसपर्यंत पोचतं, आणि कॅनडाने तर 2004 साली त्यावर बंदीच घातली. दुसरी, गाडीतली मुलाची सीट. मागणी वाढते आहे, कारण 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लहान मूल पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय गाडीत बसवलं तर हजार रुपये दंड आहे. पण अपघातात एकदा धक्का खाल्लेल्या सीटच्या प्लास्टिकला आत तडा गेलेला असू शकतो आणि बाहेरून तो दिसत नाही. माझ्या नियमाप्रमाणे ही वस्तू बाद. स्वतःची, पहिल्या दिवसापासून स्वतःच्या गाडीत असलेली, वर छापलेली मुदत न संपलेली सीट असेल तर गोष्ट वेगळी. तिसरी, दूध काढायचा पंप. घरगुती पंपांच्या आत दूध शिरण्याची शक्यता असते आणि तो भाग उकळता येत नाही. अनेक बायकांनी वापरण्यासाठी वेगळे पंप बनवलेले असतात, ते ज्यांना हवेत त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं.

पार्टीच्या सामानाला एवढं लिहायची गरज नाही, त्यात दोष दिसतो आणि जीव जात नाही. कोकणात वाडीची सामाईक भांडी लग्नकार्याला नाममात्र भाड्याने देतात, तोच व्यवहार आहे, आणि त्यांच्याकडून दोन गोष्टी उचला. भांड्यांवर नाव घालून घ्या. भांड्यांच्या दुकानात अजून मशीनने कोरून देतात. फ्लॅट नंबर कोरला तरी चालेल. कार्यात तीन घरांची पातेली एकत्र होतात आणि कोरलेलं नाव नसेल तर दुसऱ्याचं पोचे आलेलं पातेलं तुमच्याकडे येतं. आणि मोजदाद देताना-घेताना दोघांनी मिळून करायची. पातेली हरवत नाहीत, चमचे हरवतात. चमचे दहा-दहाचे करून रबर लावून द्या, म्हणजे मोजायला अर्धा मिनिटही लागत नाही. भाडं एकेका नगाचं ठेवण्यापेक्षा सेटचं ठेवा: दोन पातेली, झाकणं, डाव, झारा आणि चमचे, एकच रक्कम. नगावर लावलं की लोक झाकण नको म्हणतात आणि मग ताटाने झाकलेलं पातेलं ओढता-ओढता सांडतं. टेबलांना मात्र एक तपासणी हवी. पायांची घडी अडकवणारी कडी लागते का ते पूर्ण भार टाकून बघा, कारण त्यावर गरम आमटी ठेवली जाते.

या गटात दिव्यांच्या माळा, एक्स्टेंशन बोर्ड आणि गॅसची शेगडी भाड्याने देऊ नका. वायरचा दोष आत असतो, वर सांगितलेलं 150 वं कलम आठवा.

शिडी राहिली. शिडी मी भाड्याने देत नाही आणि तुम्हालाही तेच सुचवेन. रबरी बूट, रिव्हेट, मधला पट्टा सगळं तपासता येतं, तरी पडणारा माणूस शिडीच्या दोषाने पडत नाही, तो वरच्या पायरीवर उभा राहून वाकल्याने पडतो, आणि मग दोष शिडीचा होता की त्याचा हे कोणीच ठरवू शकत नाही. त्यातून ती ॲल्युमिनियमची असेल तर विजेच्या कामाला घातक. ती सोसायटीला देऊन टाका. वॉचमन किंवा प्लंबर वापरेल, देखभाल सोसायटी करेल.

कमिटीची परवानगी? तुमच्या घरातून, सभासदांपुरतं, प्रासंगिक देणं-घेणं चालू असेल तर सेक्रेटरींना कल्पना देऊन ठेवणं पुरेसं होतं. अडचण दोन ठिकाणी येते: बाहेरचे लोक गेटवर यायला लागले, किंवा तुम्ही टेबलं पॅसेजमध्ये रचून ठेवली. पॅसेज आणि जिना मोकळा ठेवणं ही अग्निसुरक्षेची बाब आहे, तिथे कमिटीने हरकत घेतली तर ती बरोबरच आहे. कोणी सुचवेल की हे सगळं सोसायटीनेच विकत घेऊन चालवावं. करता येतं, सभेत ठराव करून. माझ्या पाहण्यात पहिला सेक्रेटरी बदलेपर्यंत ते छान चालतं, मग मशीन पंपरूममध्ये सापडतं.

मिळालेलं भाडं थोडं असलं तरी उत्पन्नच आहे. विवरणपत्र भरता तेव्हा 'इतर स्रोतांतून उत्पन्न' यात दाखवा. एका वहीत तारीख, फ्लॅट, वस्तू, रक्कम एवढं लिहिलं की काम होतं. दुरुस्तीच्या पावत्या त्याच वहीत अडकवा. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे तो विचार सोडा.

सुरुवात करायचीच असेल तर गणपतीच्या आधी तीन आठवडे करा. मखर, माळांचे खिळे, पडदे यामुळे त्या दोन शनिवार-रविवारी ड्रिलला जेवढी मागणी येते तेवढी नंतर सहा महिन्यांत येत नाही, आणि पातेल्यांचीही तेव्हाच. त्याआधी ब्रशची एक जादा जोडी आणि सहा नंबरची तीन बिटं आणून ठेवा. सहा नंबरच सगळ्यांना लागतो आणि तोच मोडतो.